डेकोरेटर किंवा केटररला ॲडव्हान्स देण्याआधी करारात काय तपासायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात गेली चौदा वर्षं लग्नकार्यांची व्यवस्था बघतो. या काळात जेवणाच्या चवीवरून झालेली भांडणं मी फार थोडी पाहिली. मोठी भांडणं होतात ती दोन गोष्टींवरून: कार्य रद्द झालं किंवा पुढे गेलं तर दिलेल्या पैशाचं काय, आणि ठरलं होतं त्याऐवजी दुसरंच काही आलं तर काय. दोन्हींची उत्तरं ॲडव्हान्स देण्याच्या दिवशीच कागदावर यावी लागतात, कारण एकदा पैसे गेले की समोरचा माणूस कितीही सज्जन असला तरी कागद बदलायला राजी नसतो.

उदाहरण म्हणून माझ्याच घरातलं लग्न घेतो. मावसबहिणीच्या मुलीचं लग्न 10 मेला ठरलं होतं. केटररशी 600 पानं, 750 रुपये दराने, म्हणजे 4,50,000 रुपये ठरले. डेकोरेशनचे 2,80,000. केटररला निम्मी रक्कम, 2,25,000 रुपये, डिसेंबरातच दिली आणि त्याने छापील पावती दिली: नाव, तारीख, रक्कम, आणि तळाला ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’. डेकोरेटरने 70,000 घेतले आणि दोन पानी करार करून दिला. 31 मार्चला, लग्नाला 40 दिवस असताना, मुलाचे आजोबा गेले. दोन्ही घरांनी लग्न डिसेंबरवर नेलं. पुढे जे झालं ते खालच्या उत्तरांत ठिकठिकाणी येईल.

पावतीवर ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ असं छापलेलं असेल तर पैसे गेलेच का?

नाही, पण ते सहज परतही येत नाहीत. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 74 सांगतं की करार मोडल्यास द्यायची रक्कम करारात आधी लिहून ठेवली असली, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा ठरते, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. त्याचं नुकसानच झालं नसेल, तर नुसत्या छापील ओळीच्या जोरावर सगळे पैसे ठेवून घेणं टिकायला कठीण जातं.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. इसारा आणि आगाऊ हप्ता या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी आहेत. इसारा म्हणजे ‘मी हा व्यवहार पुरा करीन’ याची हमी म्हणून दिलेली रक्कम. आगाऊ हप्ता म्हणजे एकूण किमतीतलाच आधी दिलेला भाग. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या खटल्यात म्हटलं की हमी म्हणून दिलेला इसारा जप्त करता येतो, पण त्यासाठी करारातली अट स्पष्ट हवी. किमतीचा भाग म्हणून दिलेली रक्कम तशी जप्त करता येत नाही. तो खटला जागेच्या व्यवहाराचा होता, तरी तत्त्व इथेही उपयोगी पडतं.

म्हणून पावतीवर ‘टोकन’ हा शब्द मी राहू देत नाही. त्याचा अर्थ दोघं दोन प्रकारे लावतात. त्याऐवजी असं लिहून घ्या: ‘एकूण ठरलेल्या रकमेपैकी आगाऊ हप्ता, कार्य रद्द झाल्यास सोबतच्या अटींप्रमाणे वजावट करून उरलेली रक्कम 15 दिवसांत परत.’ केटरर एखादी छोटी रक्कम इसारा म्हणून मागत असेल तर ते गैर नाही, तो तुमच्यासाठी तारीख अडवून ठेवतो. फक्त ती रक्कम छोटी असावी आणि वेगळी लिहिलेली असावी.

ॲडव्हान्स किती द्यावा?

सहा महिने आधी निम्मे पैसे देऊ नयेत, हे मी ठामपणे सांगतो. तारीख अडवायला 10 ते 15 टक्के, महिनाभर आधी आणखी 25 ते 30, माल भरायच्या आठवड्यात आणखी एक हप्ता, आणि निदान 15 टक्के कार्य पार पडल्यावर, असे टप्पे मला योग्य वाटतात. शेवटचे 15 टक्के हातात असतील तरच बदललेल्या मालाबद्दल वजावट करता येते. सगळे पैसे आधी दिले की वजावट मागावी लागते, आणि मागून मिळणारी वजावट फारशी कोणी देत नाही.

डेकोरेटर थोडा जास्त ॲडव्हान्स मागतो, त्याला कारण आहे. तुमच्यासाठी खास बनवलेला बॅकड्रॉप किंवा नावांचा फलक दुसऱ्या कुठल्या कार्यात वापरता येत नाही. केटररचा माल दुसरीकडे वापरता येतो.

रद्द करण्याच्या अटी कशा लिहाव्यात?

तारखेच्या पायऱ्यांनी, आणि एकूण रकमेच्या टक्क्यांत. ‘ॲडव्हान्सच्या 50 टक्के’ असं लिहिलं की जितका जास्त ॲडव्हान्स, तितकी जास्त वजावट होते, आणि त्याचा समोरच्याच्या नुकसानीशी काही संबंध उरत नाही.

पायऱ्या ठरवताना केटररचे पैसे नक्की कधी खर्च होतात ते पाहा. आचारी आणि वाढपी यांना तो काही आठवडे आधी उचल देतो. किराणा दोन-तीन दिवस आधी भरतो. भाजी, दूध, चक्का आदल्या दिवशी येतात. म्हणजे दोन महिने आधी त्याचं नुकसान फक्त अडवलेल्या तारखेचं असतं, आणि आदल्या दिवशी जवळजवळ सगळं खर्च झालेलं असतं. त्यावरून केटररसाठी मी सुचवतो त्या पायऱ्या अशा: 60 दिवसांहून आधी रद्द केल्यास एकूण रकमेच्या 5 टक्के, 60 ते 30 दिवसांत 15, 30 ते 7 दिवसांत 30, त्यानंतर दोन दिवस आधीपर्यंत 50, आणि शेवटच्या दोन दिवसांत 75 टक्के. कार्यालय लहान असो वा मोठं, समंजस केटरर साधारण याच्या आसपास येतो.

आमच्या लग्नात ही पायरी लिहिलेली असती तर हिशोब सरळ होता. 40 दिवस आधी, म्हणजे 15 टक्के, म्हणजे 4,50,000 चे 67,500. दिलेल्या 2,25,000 मधून ते वजा करून 1,57,500 परत. प्रत्यक्षात केटररने ‘पावती वाचा’ एवढंच सांगितलं.

आणखी एक ओळ घाला, तिचा फार उपयोग होतो: ‘त्याच तारखेला केटररने दुसरं काम घेतल्यास तारीख अडवल्याची वजावट होणार नाही, फक्त झालेला खर्च पावत्या दाखवून वजा होईल.’ लग्नसराईत चांगल्या केटररची रिकामी झालेली तारीख महिनाभरात भरते. 10 मेला आमचाच केटरर दुसऱ्या एका कार्यालयात आठशे पानांचं काम करत होता. त्याच्या मांडणीचे फोटो त्याने स्वतःच टाकले होते. ते फोटो आणि कलम 74 असं दोन्ही लिहून नोटीस गेली, तेव्हा त्याने आचाऱ्यांना दिलेली उचल आणि किरकोळ खर्च मिळून 50,000 ठेवून 1,75,000 परत केले. पण त्याला पाच महिने लागले, आणि त्या काळात नव्या केटररसाठी बहिणीला उसने पैसे घ्यावे लागले.

घरात मृत्यू झाला तर तो ‘अपरिहार्य कारण’ धरला जात नाही का?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त भेटतो. करार कायद्याचं कलम 56 म्हणतं की करारानंतर काम अशक्य किंवा बेकायदा झालं तर करार संपतो, आणि कलम 65 प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. पण अशक्य म्हणजे खरोखर अशक्य. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारच्या आदेशाने लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. 600 पानांचं जेवण तेव्हा कायद्यानेच करता येत नव्हतं. सुतक वेगळं आहे. सुतकात लग्न करायचं नाही हे आपल्या घराचं बंधन आहे, केटरर मात्र त्या दिवशी स्वयंपाक करू शकतो. त्यामुळे लिहिलेलं नसेल तर सुतकामुळे झालेलं रद्द हे तुमच्या बाजूने झालेलं रद्द धरलं जाऊ शकतं.

म्हणून ते नावाने लिहा: वधू-वर, त्यांचे आईवडील, आजीआजोबा, भावंडं यांपैकी कोणाचा मृत्यू किंवा गंभीर आजार, सरकारी बंदी, पूर, कार्यालयच बंद पडणं. या कारणांसाठी वजावट नाही, फक्त प्रत्यक्ष झालेला आणि पावतीने दाखवता येणारा खर्च. हे लिहायला लोक अशुभ मानून कचरतात. मी ते स्वतः लिहून देतो, घरच्यांच्या तोंडून वदवत नाही.

रद्द न करता तारीख पुढे नेली तर?

‘रद्द’ आणि ‘पुढे ढकलणं’ हे दोन वेगळे परिच्छेद हवेत. पुढे ढकलण्याच्या परिच्छेदात तीन गोष्टी लागतात: भरलेली रक्कम किती महिने जमा राहील, नव्या तारखेला दर किती वाढू शकतो, आणि नव्या तारखेला तो मोकळा नसेल तर काय.

तिसरी गोष्ट जवळजवळ सगळ्या करारांतून सुटते, आणि आमचं भांडण नेमकं तिथेच झालं. डिसेंबरातल्या नव्या तारखेला केटररकडे आधीच दुसरं काम होतं. त्याचं म्हणणं, तारीख तुम्ही बदललीत म्हणजे तुम्हीच रद्द केलंत. आमचं म्हणणं, आम्ही काम द्यायला तयार आहोत, तुम्ही करू शकत नाही. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर वाटतं, म्हणूनच ते आधी लिहावं लागतं. मी असं लिहितो: ‘ग्राहक तीन पर्यायी तारखा देईल. तिन्ही तारखांना केटरर उपलब्ध नसल्यास 10 टक्क्यांहून जास्त वजावट न करता उरलेला ॲडव्हान्स परत.’

डेकोरेटरच्या करारात अट होती की 30 दिवसांपेक्षा आधी कळवल्यास संपूर्ण रक्कम बारा महिने जमा राहील. तो डिसेंबरात मोकळा होता. 70,000 रुपये जसेच्या तसे पुढे गेले, एका फोनवर.

केटरर किंवा डेकोरेटरनेच ऐनवेळी अंग काढलं तर?

करारात तुमच्यावरची वजावट तीन ओळींत असते आणि त्याच्यावरची एकही नसते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये ‘अनुचित करार’ अशी व्याख्या आहे, आणि एका बाजूला कारण न देता करार मोडायची मुभा देणं त्यात मोडतं. पण लग्नाच्या आठ दिवस आधी तुम्हाला कायद्याची व्याख्या नको असते, दुसरा केटरर हवा असतो.

विशिष्ट अनुतोष कायद्यात 2018 च्या सुधारणेने एक सोय आली. एकाने करार मोडला तर दुसरा माणूस ते काम तिसऱ्याकडून करून घेऊ शकतो आणि खर्च पहिल्याकडून वसूल करू शकतो. अडचण अशी की त्यासाठी निदान 30 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. लग्नात एवढा वेळ कुठे असतो? पण त्याच कलमात दोघांनी वेगळं ठरवण्याची मोकळीक आहे. ती मोकळीक वापरा: ‘केटररने काम नाकारल्यास संपूर्ण ॲडव्हान्स तीन दिवसांत परत; ग्राहक 24 तासांची सूचना देऊन दुसऱ्याकडून तेच काम करून घेईल आणि दरातला फरक, एकूण रकमेच्या 30 टक्क्यांपर्यंत, केटरर देईल.’ मर्यादा घातली की केटरर सही करतो. अमर्याद भरपाईवर कोणी सही करत नाही, आणि केली तरी ती वसूल होत नाही.

‘किंवा तत्सम’ या शब्दांना एवढं का घाबरायचं?

कारण तत्सम म्हणजे काय हे कोण ठरवणार ते लिहिलेलं नसतं. ‘पनीर बटर मसाला किंवा तत्सम’, ‘ऑर्किड किंवा तत्सम फुलं’, ‘सीझनप्रमाणे भाजी’. या तीन शब्दांच्या आधाराने साजूक तुपाची जिलेबी वनस्पती तुपात तळली जाते, काजूच्या ग्रेव्हीत मगजबी आणि शेंगदाणे जातात, आणि पनीरच्या जागी वनस्पती तेलापासून बनवलेलं ॲनालॉग पनीर येतं.

बदल होऊच नये असं म्हणणं व्यवहार्य नाही. मालाचे भाव चढतात, गाडी अडकते, आंबा लवकर संपतो. म्हणून बदलाची रीत लिहावी. पदार्थांचे दोन गट करा. पहिल्या गटात ज्यांत बदल चालणार नाही ते: तेल-तूप, पनीर, तांदळाचा प्रकार, मुख्य गोड पदार्थ, आणि कोणाला ॲलर्जी असेल तो घटक. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला पाहुणा काजूची ग्रेव्ही म्हणून शेंगदाणे खातो तेव्हा प्रश्न पैशाचा राहत नाही. जैन पंगतीतला कांदा-लसूणही याच गटात. दुसऱ्या गटात ज्यांत बदल चालेल ते: कोशिंबीर, एखादी भाजी, स्टार्टर. त्यांच्यापुढे पर्यायही आत्ताच लिहून ठेवा: फरसबी नाही मिळाली तर फ्लॉवर, मका नाही तर आलू टिक्की.

आणि रीत अशी: बदल 48 तास आधी लेखी कळवायचा, मेसेज चालेल, घरातल्या ठरलेल्या एका माणसाने हो म्हटल्याशिवाय तो मान्य नाही, पर्याय स्वस्त असेल तर दरातला फरक वजा, न विचारता बदल केल्यास त्या पदार्थाच्या ठरलेल्या किमतीच्या दुप्पट वजावट. हो म्हणणारा माणूस एकच ठेवा. मामांनी भटारखान्यात जाऊन ‘चालेल हो’ म्हटलं की तुमची संमती झाली असंच केटरर पुढे सांगतो.

बदल झाला हे ओळखायचं कसं? ताटात तर सगळं सारखंच दिसतं.

ताटात नाही, भटारखान्यात ओळखायचं. करारात एक ओळ हवी: ‘ग्राहकाचा प्रतिनिधी केव्हाही भटारखान्यात येऊ शकेल आणि मालाच्या पॅकिंगचे फोटो घेऊ शकेल.’ जो केटरर या ओळीला नाही म्हणतो त्याला मी काम देत नाही.

पहाटे किराणा उतरतो तेव्हा घरातल्या कोणीतरी दहा मिनिटं जाऊन तेलाचे डबे, तुपाचे डबे, पनीरची पाकिटं आणि तांदळाची पोती यांचे फोटो घ्यावेत. पनीरच्या पाकिटावरचं घटकांचं बारीक लिखाण वाचा. वनस्पती तेल किंवा ‘ॲनालॉग’ असा उल्लेख असेल तर ते दुधाचं पनीर नाही. आयोडीनचा थेंब टाकायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. त्याने स्टार्च असेल तर निळा-काळा रंग येतो, पण स्टार्च न घातलेलं तेलाचं पनीर त्या परीक्षेत पास होतं. त्यामुळे पाकिटावरच भरवसा ठेवा. सुट्टं, पाकिटाशिवाय पनीर आलं असेल तर खरेदीची पावती मागा.

डेकोरेशनमध्ये फुलांच्या बदलाचं काय करायचं?

डेकोरेटर फोटो दाखवतो, आपण फोटोला हो म्हणतो, आणि करारात लिहिलं जातं ‘फोटोप्रमाणे’. फोटोत कोपऱ्यापर्यंत ताजी फुलं असतात, प्रत्यक्षात मध्यभागी कृत्रिम वेली आणि कडेने निशिगंधाच्या माळा. दोन हातांवरून दिसायला सारखंच.

फोटो करारासोबत जोडा, पण त्याच्या खाली मोजमापही लिहा. स्टेजची लांबी-रुंदी आणि बॅकड्रॉपची उंची फुटांत. त्यातल्या किती भागावर ताजी फुलं, किती भागावर कृत्रिम. आणि फुलांचं परिमाण बाजाराच्या भाषेत: झेंडू आणि निशिगंध किलोत, जरबेरा दहा फुलांच्या गड्डीत, कार्नेशन आणि डच गुलाब वीस फुलांच्या गड्डीत. डेकोरेटर फुलं याच मापाने घेतो, त्यामुळे त्याला हे सांगताना अडचण येत नाही. जो सांगू शकत नाही त्याने खर्च काढलेलाच नाही.

आमच्या डेकोरेटरच्या करारात फुलांपुढे पर्यायाचा रकाना होता: ऑर्किड नाही आलं तर पांढरी शेवंती, फरक 6,000 रुपये. डिसेंबरात ऑर्किडचा माल खरोखरच आला नाही. त्याने आदल्या सकाळी मेसेज केला, बहिणीच्या मुलाने हो म्हटलं, शेवटच्या बिलातून 6,000 वजा झाले. स्टेज सुंदर दिसलं आणि कोणाच्या मनात काही राहिलं नाही.

फुलं कधी बांधणार ती वेळही लिहा. मे महिन्यात आदल्या संध्याकाळी बांधलेला जरबेरा दुपारच्या मुहूर्ताला मान टाकतो. कार्यालय आदल्या रात्री किती वाजता ताब्यात मिळतं त्यावर हे अवलंबून असतं, म्हणून कार्यालयाचा कागद आणि डेकोरेटरचा कागद शेजारी ठेवून वाचा.

ज्याला काम दिलं त्याऐवजी दुसरेच लोक आले तर?

मोठ्या तिथीला एकाच केटररकडे तीन-चार कार्यं असतात. त्यातलं एक तो दुसऱ्याला देऊन टाकतो आणि मध्ये काही रक्कम ठेवतो. तुम्हाला कळतं ते पातेल्यांवर कोरलेलं वेगळं नाव पाहून. करारात लिहा की ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय काम दुसऱ्याला देता येणार नाही, आणि मुख्य आचारी व सुपरवायझर यांची नावं लिहून घ्या. नावं लिहिताना तो अडखळला तर त्या दिवशी त्याच्याकडे किती कामं आहेत ते सरळ विचारा.

केटररचा एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांकही इथेच उपयोगी पडतो. जानेवारी 2022 पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. `foscos.fssai.gov.in` वर तो क्रमांक टाकून पाहा. नाव, पत्ता आणि परवान्याची मुदत पावतीवरच्या नावाशी जुळायला हवी. लग्नाच्या तारखेला परवाना चालू असेल ना, हेही बघा. आज चालू असणं पुरत नाही.

पानांचा आकडा कमी झाला तर तेही ‘रद्द’ धरलं जातं का?

लिहिलेलं नसेल तर केटरर पूर्ण आकड्याचे पैसे मागतो. 600 पानांपैकी 540 ची हमी, अंतिम आकडा पाच दिवस आधी, आणि हमीपेक्षा जास्त झालेली पानं त्याच दराने, असं लिहा. बुफेत मोजणी ताटांवर होते आणि दुसऱ्यांदा जेवायला नवं ताट घेणारा पाहुणा दोनदा मोजला जातो. त्यामुळे मोजायची पद्धत लिहा आणि ताटांच्या चळतीजवळ घरचा एक माणूस उभा करा.

जीएसटी, कार्यालयाची रॉयल्टी आणि इतर खर्च ॲडव्हान्सआधी विचारावेत का?

हो, कारण कोटेशनवर ‘कर वेगळा’ हे शब्द शेवटी असतात. हॉटेलबाहेरच्या साध्या केटरिंगला 5 टक्के आणि मंडप-सजावटीला 18 टक्के धरले तर आमच्या दोन आकड्यांवर 22,500 आणि 50,400, म्हणजे एकूण 72,900 रुपये वाढतात. जो कर लावतो त्याच्याकडून नोंदणी क्रमांक घ्या. सेवेच्या ॲडव्हान्सवरच कर लागू होतो, म्हणून नोंदणीकृत व्यावसायिकाने त्याचं रिसीट व्हाउचर द्यायला हवं, आणि रद्द झाल्यावर परत केलेल्या रकमेबरोबर तिच्यावरचा करही परत यायला हवा. हे करारात एका ओळीत लिहा, नाहीतर परतीच्या वेळी कर विसरला जातो.

बाहेरचा केटरर किंवा डेकोरेटर आणला की बरीच कार्यालयं रॉयल्टी घेतात. ती कोण भरणार हे लिहिलं नसेल तर आदल्या संध्याकाळी गाडी गेटवर अडते. जनरेटरचं डिझेल आणि रात्री उशिरा मांडव सोडण्याचा मजुरीखर्च यांचंही तसंच.

स्टॅम्प पेपर हवाच का? व्हॉट्सॲपवर ठरलेलं चालतं का?

करार तोंडी असला तरी तो करार असतो. प्रश्न सिद्ध करण्याचा असतो. महाराष्ट्रात साध्या करारनाम्याला ऑक्टोबर 2024 पासून 100 ऐवजी 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. पाच-सात लाखांच्या कामासाठी 500 रुपये जास्त नाहीत, म्हणून मी तो घ्यायला सांगतो. ते जमत नसेल तर अटी एका पानावर लिहून दोघांनी सही केलेला कागद नुसत्या पावतीपेक्षा कितीतरी चांगला. व्हॉट्सॲपवरच्या गोष्टी पुरावा म्हणून वापरता येतात, पण मूळ फोन आणि मूळ संभाषण जपून ठेवावं लागतं. नुसते स्क्रीनशॉट ठेवून फोन विकू नका. आणि पैसे बँकेतूनच द्या, ज्या नावाने करार आहे त्याच नावाच्या खात्यात.

पैसे परत मिळत नसतील तर कुठे जायचं?

आधी लेखी मागणी: कराराची तारीख, दिलेली रक्कम, रद्द केल्याचा दिवस, अटीप्रमाणे हिशोब, 15 दिवसांची मुदत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा, कधीकधी तिथूनच फोन गेल्यावर पैसे येतात. नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे लग्न कोल्हापूरला आणि घर ठाण्याला असलं तरी ठाण्यात चालतं. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मात्र करारातली अटच अनुचित ठरवून मागायची असेल तर ते काम राज्य आयोगाचं आहे. म्हणून जिल्हा आयोगात ‘सेवेत कसूर आणि रक्कम परत न करणं’ अशीच तक्रार मांडलेली बरी.

बहिणीला आयोगात जावं लागलं नाही. नव्या केटररशी आम्ही दीड पानाचा करार केला, 15 टक्के भरले, आणि पहाटे साडेपाचला तिचा मुलगा तुपाच्या डब्यांचे फोटो काढत भटारखान्यात उभा होता.